रूममेट्सचा हिशोब, चार ट्रान्सफरवरून तीनवर

आमच्या फ्लॅटमध्ये पाच जण, आणि महिनाभर जो हाताशी असेल तो पैसे भरणार. एकाने इंटरनेट, दुसऱ्याने किराणा, कधी गॅस. मग महिनाअखेरीला प्रत्येक बिलावरून तू मला दे मी त्याला देतो असं चालायचं आणि डोक्याला नुसता ताप. या वेळी मी म्हटलं कुणी कुणासाठी भरले ते सोडूनच द्या, प्रत्येकाचा एकच आकडा काढू, भरलेले पैसे वजा वाट्याला आलेला खर्च.

एकूण खर्च 6000 झाला, सगळं समान वाटायचं होतं म्हणून वाटा 1200. अ ने 1700 भरलेले, मी 1600, ब ने 800, क ने 900, ड ने 1000. म्हणजे अ ला 500 यायचे, मला 400, आणि ब ने 400, क ने 300, ड ने 200 द्यायचे. येणं 900, देणंही 900. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जायचंच नाही, कुठेतरी एंट्री चुकलीये किंवा भागाकारातले सुटे पैसे राहिलेत. आणि मधेच कुणी कुणाला उसने परत केले असतील तर ते खर्चात टाकायचे नाहीत, नाहीतर ते पाचही जणांत वाटले जातात. देणाऱ्याच्या आकड्यात मिळवायचे आणि घेणाऱ्याच्या आकड्यातून वजा करायचे, बस.

मग क म्हणाला सोपंय, ज्याचं देणं सगळ्यात जास्त त्याने ज्याचं येणं सगळ्यात जास्त त्याला द्यायचं, हेच करत राहायचं. करून बघितलं. ब ने अ ला 400, क ने मला 300, आता अ चे 100 राहिले आणि माझेही 100, मग ड ने दोघांना शंभर शंभर. चार ट्रान्सफर. ही पद्धत वाईट नाहीये, दर ट्रान्सफरला निदान एक जण मोकळा होतो आणि शेवटच्याला दोघं, त्यामुळे पाच जणांत चारच्या वर जातच नाही.

पण आकडे नीट बघितले तर ब चं देणं आणि माझं येणं दोन्ही 400! आम्ही दोघं आपापसात मिटलो की उरले अ, क, ड, आणि त्यांचंही 500 ला 300 अधिक 200 बरोबर जुळतंय. म्हणजे ब मला 400, क अ ला 300, ड अ ला 200, तीन ट्रान्सफर. याहून कमी शक्यच नाही कारण देणारेच तीन आहेत, प्रत्येकाला एकदा तरी पाठवावेच लागणार.

तर खरी युक्ती ही की ज्यांची आपापसात बेरीज शून्य होते असे गट शोधायचे, असे जितके जास्त गट पडतील तितक्या ट्रान्सफर माणसांच्या संख्येतून कमी होतात, इथे 5 वजा 2. ब जरा कुरकुरला की तुझ्याकडून मी काही घेतलंच नव्हतं, तुला का देऊ, त्याला कागदावर दाखवावं लागलं की त्याच्या खिशातून जाणार 400 च आहेत, फक्त नाव बदललंय.

पाच जणांत असे गट नजरेनेच सापडतात. वीस-पंचवीस जणांची ट्रिप असेल तर जुळवण्या लाखोंच्या घरात जातात, तिथे मी सरळ क ची पद्धत वापरेन, एखाद-दोन ट्रान्सफर जास्त झाल्या तरी चालतील.