धुतलेला कोयता

पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचं प्रकरण अजून मनातून जात नाही. ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. चुलत भाऊ विहिरीत विष कालवतो, या समजुतीतून त्यानं भावावर कोयत्यानं वार केले. भाऊ जागीच गेला.

कोर्टाचा पहिला प्रश्न आजचा होता : हा माणूस आपला बचाव करू शकेल का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 368 याच्याशी संबंधित आहे. मानसिक तपासणीसाठी आमच्याकडे पाठवण्याआधी कुणीतरी केसपेपरवर ‘शुद्धीवर, तारीख-वार सांगतो, फिट’ असं लिहून मोकळं झालं होतं. तारीख-वार सांगता येणं म्हणजे खटला समजणं नव्हे. कळंबा जेलमध्ये राहून न्यायाधीश काय करतात, सरकारी वकील कोण, हे त्याला पाठ झालं होतं. पण “तुमच्या वकिलांना त्या दिवसाचं काय सांगणार?” असं विचारल्यावर तो म्हणाला, “कायबी न्हाई. वकील त्येंचाच माणूस हाय. त्येला सांगितलं की पाण्यात पडतंय.” ज्याच्या भरवशावर बचाव करायचा, तोच शत्रू वाटत होता. बचाव करण्यास तूर्त असमर्थ, असा अहवाल दिला. मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांनंतर संशय ओसरला, वकिलांशी तो बोलू लागला आणि खटला सुरू झाला.

मग दुसरा प्रश्न आला, आणि तो त्या दिवसाचा होता. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 84, नुसता आजार पुरेसा मानत नाही. आपण काय करतोय हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, कृत्याच्या क्षणी आजारामुळे कळू शकत नव्हतं का, एवढंच ते विचारतं. त्यामुळे आज केलेली कोणतीही चाचणी त्या सकाळबद्दल थेट काही सांगत नाही. शाईच्या डागांच्या चाचणीवरून गुन्ह्यावेळची मनःस्थिती ठरवणारे अहवाल मी वाचले आहेत. ते कोर्टाची दिशाभूल करतात.

हे काम कागदांपासून सुरू होतं. घटनेच्या आधीचे महिने, तो दिवस आणि नंतरचे दिवस यांचा तक्ता करायचा आणि प्रत्येक नोंदीपुढे कोणी, कधी सांगितलं ते लिहायचं. नातेवाइकांना वेगवेगळं भेटायचं. आरोपीला आधी स्पष्ट सांगायचं, की इथलं बोलणं गुपित राहणार नाही, कोर्टात जाईल; आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत परत ऐकायचं. त्यानंतर आदल्या संध्याकाळपासून सगळं सांगायला लावायचं, मध्ये न तोडता. “आवाज ऐकू येत होते का?” असं विचारलं की उत्तर आपणच पुरवलेलं असतं.

वार केल्यावर त्यानं कोयता धुतला होता. सरकारी पक्षाचा सगळा भर यावर : पुरावा पुसला, म्हणजे चूक कळत होती. मला त्यानं सांगितलं, “त्येच्या रगतात इख हुतं म्याडम. जनावरं कोयत्याला तोंड लावत्यात.” पण हे घटनेनंतर बऱ्याच महिन्यांनी, उपचारांनंतर, बराकीत अनेकांशी बोलून झाल्यावर. तेवढ्यावर विश्वास टाकता येत नाही.

म्हणून पंचनाम्याचा नकाशा काढला. विहीर जवळ होती, तरी कोयता धुतला लांबच्या पाटावर. विहिरीत विष जाऊ नये म्हणून तो लांब गेला, असं म्हणता येतं. पण पाट उसाच्या आड होता. कुणाला दिसू नये म्हणूनही तो तिथं गेला असेल. शेजारणीच्या त्याच संध्याकाळच्या जबाबात एक ओळ सापडली : ‘तो घागरी ओतून टाका असे ओरडत होता.’ कोयता धुऊन आल्यावरचं हे ओरडणं. लपणारा माणूस गल्लीभर ओरडत सुटत नाही. माझ्या लेखी त्या ओळीचं वजन सर्वांत जास्त. जबाब घेणाऱ्यानं मात्र ‘का ओतायला सांगत होता?’ हे विचारलंच नाही.

अहवालात भ्रम घटनेच्या आधी, वेळी आणि नंतर होता, हे आधारासह लिहिलं. कोयता धुण्याचे दोन्ही अर्थ शिल्लक राहतात, हेही लिहिलं. ‘कलम 22 लागू’ असं लिहिलं नाही. तो निर्णय न्यायाधीशांचा. 1964 च्या दह्याभाई ठक्कर निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की कृत्याच्या आधीची, वेळची आणि नंतरची स्थिती पाहायची, आणि आरोपीवरचा पुराव्याचा भार शक्यतेच्या पारड्याइतकाच असतो, म्हणजे त्याचं म्हणणं अधिक शक्य वाटलं की पुरे. उलटतपासणीत सरकारी वकिलांना ‘हो की नाही’ हवं होतं. मी नकाशा पुढे केला.

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या जखमा मोजून लिहिल्या होत्या. तो काय बोलत होता, याचा एक शब्द नाही. त्या दिवशी त्याच्याच तोंडची चार वाक्यं कुणी टिपून ठेवली असती, तर कोयता का धुतला याचं उत्तर महिन्यांनंतर शोधावं लागलं नसतं.