आमची वाटचाल: फाउंडेशनच्या एका व्हिडिओवर उभा राहिलेला धंदा

आमची फर्म म्हणजे मी, माझी मोठी बहीण आणि एडिटिंग करणारा एक मुलगा, एवढेच. गंगापूर रोडला ताईचं पार्लर होतं तिथेच मागच्या खोलीत शूटिंग चालतं. ताई युट्युबवर मेकअप शिकवते, कॅमेऱ्यासमोर तीच असते, आणि पैसे, करार, कोर्सच्या बॅचेस हे सगळं माझ्याकडे. बरेच जण विचारतात की मराठीत मेकअप शिकवून पैसे येतात का, तर येतात, पण ते कुठून येतात हे नीट सांगायचंय.

सुरुवात जाहिरातींपासून, कारण सगळ्यांना तेच आधी माहीत असतं. युट्युबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास वॉच टाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). नंतर १० डॉलर जमले की पत्त्यावर पोस्टाने पिन येतो, तो टाकायचा, आणि १०० डॉलर जमले की पैसे बँकेत. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपल्याला मिळतात. ऐकायला छान वाटतं पण आमच्या चॅनलला हजार व्ह्यूजमागे साधारण ५०-६० रुपये सुटतात, म्हणजे लाखभर लोकांनी व्हिडिओ पाहिला तर पाच-सहा हजार. दिवाळीच्या आधी रेट वाढतो, जानेवारीत धाडकन पडतो, आणि आमच्याकडे तर जानेवारीतही लग्नं चालूच असतात, व्ह्यूज तेवढेच आणि पैसे कमी. यात पार्लरचं भाडंसुद्धा निघत नाही.

खरा फरक पडला तो कोर्सच्या फॉर्ममधल्या एका प्रश्नामुळे. नाव, नंबर आणि "आमचा कोणता व्हिडिओ बघून आलात?" बस. सगळ्यात जास्त व्ह्यूज होते नवरीच्या लुकला, नऊवारी, नथ, मुंडावळ्या, आधी-नंतरचे फोटो वगैरे, पण तो बघून कोर्सला आलेल्या फारच थोड्या. बहुतेक जणींनी लिहिलं होतं "फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी का दिसतो" हा व्हिडिओ, ज्याला नवरीच्या व्हिडिओच्या दहावा हिस्सासुद्धा व्ह्यूज नव्हते. ॲनालिटिक्समध्ये बघितलं तर नवरीचा व्हिडिओ होम फीडमधून पसरलेला, लोक सहज बघतायत आणि पुढे जातायत, आणि हा मात्र सर्चमधून, म्हणजे बाईने स्वतः टाइप करून शोधलेला, तिला आत्ता तो प्रॉब्लेम आहे. लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात ते दाखवणाऱ्या रिटेन्शनच्या ग्राफमध्ये या व्हिडिओला एका जागी उंचवटा दिसत होता, तेवढा भाग लोक मागे जाऊन पुन्हा बघत होते.

तो भाग काय होता तेही सांगते. आपल्याकडे गव्हाळ-सावळ्या रंगाच्या बायकांना दुकानात हमखास एक-दोन शेड उजळ फाउंडेशन गळ्यात मारतात. शेड मनगटावर लावून बघतात. मग तोंडाभोवती आणि डोळ्याखाली जो काळसर भाग असतो त्यावर ते उजळ फाउंडेशन बसलं की खालचा निळसर-काळा रंग वर येऊन सगळं राखेसारखं दिसतं. ताईने दाखवलं की आधी त्या काळ्या भागावरच ऑरेंज करेक्टर अगदी पातळ, बोटाने थोपटून, पूर्ण चेहऱ्याला नाही, आणि फाउंडेशनच्या तीन शेडच्या रेघा जबड्याच्या कडेला ओढायच्या, १०-१५ मिनिटं तशाच ठेवायच्या कारण काही फाउंडेशन हवेत गडद होतं, आणि मग ट्यूबलाइटखाली न बघता खिडकीशी जाऊन बघायचं, जी रेघ मानेत मिसळून दिसेनाशी होते ती आपली शेड. लोक तोच रेघांचा भाग पुन्हा पुन्हा बघत होते.

मग "संपूर्ण मेकअप" असा मोठा कोर्स न ठेवता आम्ही फक्त बेसचा, म्हणजे करेक्टर आणि फाउंडेशनचा कोर्स काढला, १४९९ रुपये, व्हिडिओ रेकॉर्डेड आणि सोबत होमवर्क. होमवर्क म्हणजे खिडकीच्या उजेडात, फिल्टरशिवाय, रेघा ओढलेला फोटो पाठवायचा आणि ताई प्रत्येकीला व्हॉइस नोटमध्ये सांगते, "अगं तुझी मधली शेड बरोबर आहे पण करेक्टर जास्त झालंय, नारंगी दिसतंय बघ." म्हणून एका बॅचला २५ जणीच घेतो, त्यापेक्षा जास्त फोटो ताईकडून नीट बघून होत नाहीत. रेकॉर्डेड व्हिडिओ कोणीतरी टेलिग्रामवर टाकणार हे धरूनच चालायचं, तसं आमच्या बाबतीत झालंही, पण बॅचेस भरायच्या थांबल्या नाहीत कारण आपल्या चेहऱ्याचा फोटो बघून उत्तर देणारी ताई त्या फाइलमध्ये नसते.

हिशोबही सांगून ठेवते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी आलाच, १८ टक्के. तो १४९९ मध्येच धरला तर हातात १२७० राहतात, पेमेंट गेटवेवाला २ टक्के आणि त्यावर त्याचा जीएसटी घेतो, म्हणजे अजून ३५ गेले, उरले १२३५. पंचवीस जणींचे जवळपास ३१ हजार होतात. तेवढेच पैसे जाहिरातीतून काढायला पाच-सहा लाख व्ह्यूज लागतील!

आता स्पॉन्सरशिप. एकेका व्हिडिओचे पैसे बघितले तर यात सगळ्यात जास्त मिळतात, पण कराराची ओळ न् ओळ वाचावी लागते. एका फाउंडेशनच्या कंपनीने चांगली रक्कम देऊ केली, आणि करारात एक्सक्लुझिव्हिटी होती, ९० दिवस दुसऱ्या कोणाचंही फाउंडेशन दाखवायचं नाही. आता शेड शिकवायची म्हणजे चार कंपन्यांची फाउंडेशन शेजारी शेजारी ठेवावीच लागतात, म्हणजे ती एक ओळ मान्य केली असती तर तीन महिने कोर्सच बंद! मी त्यांना लिहून पाठवलं की ही अट फक्त पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओंना लागू, शिकवण्याच्या व्हिडिओला आणि कोर्सला नाही, आणि दोन-तीन ईमेलनंतर ते तयार झाले. दुसरी अट होती की आमचा व्हिडिओ ते स्वतःच्या जाहिरातीत कायमचा वापरणार, ती ३ महिन्यांवर आणली, पुढे हवा असेल तर वेगळे पैसे. "उजळ दिसा" हे वाक्य स्क्रिप्टमध्ये होतं ते ताईने काढायलाच लावलं, आणि त्यावर ती अजिबात बोलणी करत नाही. मला तिचं शंभर टक्के पटतं, ज्या बाईला आपण तिची खरी शेड शोधायला शिकवतो तिलाच उजळ व्हायला सांगायचं कसं?

व्हिडिओ जाहिरातीचा असेल तर युट्युबचा पेड प्रमोशनचा बॉक्स टिक करतोच, शिवाय ताई सुरुवातीलाच तोंडाने सांगते आणि स्क्रीनवरही "जाहिरात" लिहितो. सरकारचे नियमही तेच सांगतात, नुसतं खाली डिस्क्रिप्शनमध्ये लपवून चालत नाही. फुकट आलेल्या वस्तूंचीही वही ठेवा, एका कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर माल आला आणि तो तुम्ही ठेवून घेतला तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो, परत पाठवला तर नाही. आणि अर्धे पैसे शूटच्या आधी घ्या, एका एजन्सीने व्हिडिओ लाइव्ह झाल्यावर आमचे पैसे इतके महिने लटकवले की आता ॲडव्हान्सशिवाय कॅमेरा लावतच नाही.

सध्या घर चालतं ते कोर्सवर, स्पॉन्सरशिपमधून लाइट, कॅमेरा आणि एडिटरचा पगार निघतो, जाहिरातीचं जे येतं ते इंटरनेट आणि मेकअपच्या सामानाला जातं. तुळशीच्या लग्नाआधी हळदीच्या लुकचा छोटा कोर्स काढतोय, कारण सर्चमध्ये आता "हळदीत मेकअप पिवळा दिसतो" हे खूप यायला लागलंय. ताईने त्याचे टेस्ट फोटो कालच खिडकीशी काढले, पिवळ्या साडीचा रंग हनुवटीखाली उमटतो तो कसा मारायचा यावर पहिला फुकट व्हिडिओ येत्या रविवारी टाकतोय.