चौदा रुपये शिल्लक

सातपूरला आमच्या कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. चहा पंधरा रुपये. गेली कित्येक वर्षं मी तिथे दिवसातून दोनदा जातो, आणि गेली कित्येक वर्षं पैसे देताना आमच्यात एक नाटक चालायचं. चहा संपत आला की प्रत्येकाला अचानक महत्त्वाचा फोन यायचा. मागच्या उन्हाळ्यात त्या नाटकातून मी बाहेर पडलो. "थांबा, मी देतो," असं सगळ्यांच्या आधी म्हणणारा माणूस म्हणून माझी ख्याती झाली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही? चहा पाजता?"

स्वभाव बदलला नव्हता. फक्त क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं होतं.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ही मुभा दिली, तीही रुपे कार्डांपुरती. माझं दुसरं कार्ड व्हिसाचं आहे, ते काही केल्या जोडलं जात नाही. जोडायला दोन मिनिटं लागतात. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत संपण्याचा महिना, ओटीपी, आणि नवा यूपीआय पिन. मग टपरीवरचा तोच क्यूआर, तोच फोन, तोच 'टिंग' आवाज. टपरीवाल्याला पैसे खात्यातून आले की कार्डावरून, याच्याशी घेणंदेणं नाही. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर त्यासाठी काही कापूनही जात नाही. मला पॉइंट मिळणार होते. कोणाचंच नुकसान नाही, असं वाटलं.

आधी माझी पद्धत अशी होती. पगाराच्या खात्याला फोन जोडलेलाच नव्हता. एक दुसरं, लहानसं खातं होतं. त्यात एक तारखेला सात हजार टाकायचे आणि महिनाभराचा चहा, भाजी, मिसळ, रिक्षा, सगळं त्यातून भागवायचं. प्रत्येक खर्चानंतर मेसेज यायचा आणि त्यात शिल्लक लिहिलेली असायची. वीस तारखेला 'शिल्लक २,३१२' असं वाचलं की कॉलेज रोडवर आइस्क्रीमच्या दुकानापाशी पाय आपोआप झपाझप उचलले जायचे.

कार्डाचा मेसेजही येतो. पण त्यात शिल्लक नसते, उरलेली मर्यादा असते. 'उपलब्ध मर्यादा १,१८,४५५.' आता पंधरा रुपयांचा चहा पिणाऱ्या माणसाला एक लाख अठरा हजार दाखवल्यावर त्याने काय करावं? गोदावरीला पूर आलेला असताना तांब्याभर पाणी उचलावं, तसं वाटायचं. गंमत म्हणजे ते पाणी माझं नव्हतंच. बँकेचा आकडा मी माझ्या ऐपतीचा आकडा म्हणून वाचत होतो.

त्यात आणखी एक भर पडली, ती माझ्या लक्षातच आली नव्हती. कार्डाचे पैसे फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर जातात, माणसाच्या वैयक्तिक क्यूआरवर नाही. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर मी ज्या मावशींकडून मेथी घेतो, त्यांच्याकडे मुलाच्या फोनचा वैयक्तिक क्यूआर आहे. तिथे कार्डाचा पर्यायच चालत नाही, पैसे खात्यातून द्यावे लागतात. म्हणजे मेथी, गवार, रिक्षा, मोलकरणीचे पैसे खात्यातून आणि मिसळ, आइस्क्रीम, कॉफी, केक कार्डावरून. चैन तिकडे गेल्यामुळे लहान खातं महिनाअखेरीलाही गुटगुटीत दिसायचं. ते बघून मी स्वतःला काटकसरी समजत होतो.

मग स्टेटमेंट आलं. ११,६४० रुपये, सत्त्याण्णव नोंदी. एकही नोंद मोठी नाही, बोट ठेवून 'ही चूक' म्हणावं असं काही नाही. पण टपरीच्या नोंदी वाचताना गंमत कळली. पूर्वी पंधरा असायचे, आता पंचेचाळीस, साठ, एकदा तर एकशे पाच. माझं औदार्य तिथे तारीखवार छापलेलं होतं.

पगार व्हायला चार दिवस होते, म्हणून मी अकरा हजार भरले. म्हटलं, उरलेले ६४० पुढच्या बिलात देऊ. त्यात काय एवढं? किमान रकमेपेक्षा कितीतरी जास्त भरलेले, म्हणून उशिराचा दंड नाही, बँकेचा फोन नाही, काहीच नाही. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मात्र व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून साडेपाचशेच्या वर रक्कम होती. ६४० रुपयांवर साडेपाचशे! मला वाटलं, काहीतरी चुकलंय.

मेहुणा बँकेत आहे. त्याला रविवारी जेवायला बोलावलं आणि वरण वाढायच्या आधी स्टेटमेंट वाढलं. तो म्हणाला, "दाजी, व्याज ६४० वर नाही लागलं. पूर्ण बिल फेडलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. रुपया बाकी राहिला की ती मुदतच गेली. मग प्रत्येक खरेदीवर त्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंत व्याज."

त्याने पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं. माझ्या कार्डाला महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. खरेद्या महिनाभर पसरलेल्या, त्यामुळे खरेदीपासून पैसे भरेपर्यंत सरासरी पस्तीस दिवस धरू. ११,६४० वर पस्तीस दिवसांचं व्याज साधारण ४७०. राहिलेल्या ६४० वर पुढच्या दहा दिवसांचे सात रुपये. या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. ५६० च्या आसपास.

"आणि बाकी पूर्ण फिटेपर्यंत," तो पापड मोडत म्हणाला, "नवीन खरेदीलाही मुदत नाही. आज चहा प्यालात की आजपासून व्याज." म्हणजे चहा गार होण्याआधीच मीटर सुरू.

आजीच्या वेळी किराणावाल्याकडे वही असायची. तिथली उधारी वाढली की दुकानदार साखर तोलताना वर बघायचा. बोलायचा काही नाही, फक्त बघायचा, आणि पुढच्या खेपेला आजी पैसे घेऊनच निघायची. माझ्या फोनमध्ये असं वर बघणारं कोणीच नाही. उलट पैसे गेले की हिरवी बरोबरची खूण येते.

कार्ड मी तोडलेलं नाही. विमा, वीजबिल त्यावर आहे, आणि बिल आता देय तारखेला खात्यातून आपोआप कापलं जातं, पूर्ण. यूपीआयमधून मात्र काढून टाकलं. टपरीसाठी यूपीआय लाइट सुरू केलं. त्यात जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात, मी दर सोमवारी फक्त पाचशे टाकतो. पिन लागत नाही, म्हणून मेहुण्याने आधी धोक्याचंच म्हटलं होतं. पण ते पैसे माझेच असतात आणि संपतात, एवढं मला पुरे आहे. पैसे संपले की आपोआप भरण्याची सोय ॲप दर थोड्या दिवसांनी सुचवतं. ती मी चालू केलेली नाही, कारण ती चालू केली की पुन्हा पूर आणि तांब्या.

टपरीवरचं नाटक परत सुरू झालंय. मलाही फोन येतात.

परवा शुक्रवारी एकटाच होतो. चहा प्यालो, फोन लावला, लाइटमध्ये चौदा रुपये. मी खिसे चाचपडायला लागलो, तसा टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "चौदाच मारा सर. एक लिहून ठेवतो."