पोळीभाजी केंद्रातली भाजी बंद केली तो दिवस

मी ठाण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजमध्ये स्ट्रॅटेजी शिकवते आणि मधल्या वेळात छोट्या धंदेवाल्यांचं हिशोबाचं, नियोजनाचं काम करते. मागच्या वर्षी घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ एका ताईंचं पोळीभाजी केंद्र बघायला बोलावलं होतं, तेव्हा पाच विद्यार्थ्यांना सोबत नेलं, कारण ब्लू ओशन स्ट्रॅटेजी, म्हणजे सगळे लढतात तिथे न लढता स्पर्धाच नसलेली जागा तयार करणं, ही फळ्यावर शिकवून मुलांना फक्त सर्क द्यू सोलेय या सर्कसचं उदाहरण पाठ होतं, पुढे काही होत नाही.

ताईंच्या त्या एका रस्त्यावर सहा केंद्रं. सगळ्यांकडे आठ-दहा भाज्या, रविवारी स्पेशल, ॲपवर लिस्टिंग, डिस्काउंट. ताई म्हणाल्या, "मॅडम, समोरच्याने थाळी नव्वदची ऐंशी केली की मला पंचाहत्तर करावी लागते, नाहीतर गिऱ्हाईक फिरकतच नाही." वही काढली. दिवसाचा गल्ला साधारण ६००० रुपये. भाजी, किराणा, गॅस मिळून २७००, ॲपचं कमिशन, डिस्काउंट आणि पॅकिंग १०००, माणसांची मजुरी १५००, भाडं ५००. हातात राहतात ३०० रुपये. आणि रोज रात्री दोन-तीन पातेली भाजी उरते ती वेगळीच, म्हणजे २७०० मधले काही रुपये रोज सरळ कचऱ्यात.

मुलांना सांगितलं, आता स्ट्रॅटेजी कॅनव्हास काढा. किम आणि मोबोर्न हे इन्सेड या बिझनेस स्कूलचे दोन प्राध्यापक, त्यांनी ही कल्पना मांडली, त्यांचं पुस्तक २००५ चं. कॅनव्हास म्हणजे आडव्या रेषेवर या धंद्यात सगळे ज्या गोष्टींवर लढतात त्या लिहायच्या (भाव, भाज्यांची संख्या, घरपोच, सजावट, उघडे राहण्याचे तास), उभ्यावर कोण किती देतो ते, आणि मग प्रत्येक दुकानाचे बिंदू जोडायचे. मुलांनी सहा केंद्रांच्या सहा रेषा काढल्या आणि त्या जवळपास एकमेकींवरच पडल्या. ताई किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं नाव झाकलं तर मी कोणती ते कळणारच नाही." रेड ओशन हेच. तिथे माणूस आळशी असतो असं अजिबात नाही, सगळे जिवापाड राबतात, पण एकाच गोष्टीसाठी राबत असल्यामुळे भाव सोडून वेगळं व्हायला जागाच उरत नाही.

मग मुलांना वाटलं आता गिऱ्हाइकांचा सर्व्हे करायचा. मी म्हटलं नको, जे गिऱ्हाईक आहेत ते फार तर आणखी एक भाजी वाढवा नाहीतर पाच रुपये कमी करा सांगणार, आणि तेच ऐकून सगळ्यांच्या रेषा एक झाल्यात. जे कधीच येत नाहीत त्यांना विचारा. म्हणून संध्याकाळी साडेसातला आम्ही जवळच्या दोन मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर उभे राहिलो, ठाणे स्टेशनहून ट्रॅफिकमधून तास-दीड तास घालवून आलेली माणसं आत शिरत होती, हातात कोथिंबीर, दुधी, अर्धा किलो भेंडी. म्हणजे भाजी घरी होणार होती! एक बाई थांबून म्हणाल्या, "भाजी मी वीस मिनिटांत करते, मुलांना माझ्याच हातची लागते, जीव जातो तो कणीक मळून पोळ्या लाटण्यात." विचारलं, मग केंद्रातून पोळ्या का नाही घेत? त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "चार वाजता केलेल्या, फॉइलमध्ये पाणावलेल्या, वातड. त्यापेक्षा ब्रेड बरा." हे वेगवेगळ्या तोंडून आम्ही त्या संध्याकाळी इतक्या वेळा ऐकलं की एका मुलाने लिहिणंच थांबवलं.

रात्री दुकानात परत येऊन चार प्रश्न घेतले, त्या पद्धतीतले चारच: काय काढून टाकायचं, काय कमी करायचं, काय वाढवायचं, आणि धंद्यात आजवर नव्हतं असं काय आणायचं. काढायचं ते भाजी आणि ॲप. कमी करायचे तास, फक्त संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, आणि कमी करायचा पसारा, फक्त त्या दोन सोसायट्या. वाढवायचा पोळीचा ताजेपणा. नवीन आणायची ती ठरलेली वेळ: घराने पाच वाजेपर्यंत किती पोळ्या ते कळवायचं, आपली वेळ सांगायची, आणि त्या वेळेला कापडात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात तव्यावरची पोळी दारात.

भाजी काढायची म्हटल्यावर ताईंचा चेहरा उतरला. "पोळीभाजी केंद्रात भाजी नाही? निदान दोन तरी ठेवूया, असू दे." इथेच बहुतेक जण घसरतात आणि मी याबद्दल फार हट्टी आहे. दोन भाज्या ठेवल्या की सकाळचा बाजार आला, एक माणूस अडकला, शेगडी अडकली, उरलेलं फेकणं आलं, सगळा जुना खर्च परत आला आणि त्यावर गरम पोळीचा नवा खर्च चढला. किम-मोबोर्न ज्याला व्हॅल्यू इनोव्हेशन म्हणतात त्यात गिऱ्हाइकाचा फायदा वाढतो आणि आपला खर्च घटतो, दोन्ही एकाच वेळी, आणि खर्च घटतो तो काढून टाकलेल्या गोष्टींमुळेच. सर्कसवाल्यांनीही तंबू ठेवला पण प्राणी काढले, आणि प्राणी हाच तर सर्कशीचा मोठा खर्च होता.

मग मजुरीपासून उलटा हिशोब केला. दोन जोड्या, एक लाटणार एक भाजणार, जोडी तासाला ८० ते १०० पोळ्या काढते, म्हणजे तीन तासांत खात्रीने ४५० धरा. भाव १० रुपये, इतर केंद्रांत ८ होता, पण तुलना त्या गार पोळीशी नाहीच, ओट्याशी दमून उभं राहण्याशी आहे. गल्ला ४५००. कणीक, तेल, गॅस १३५०, चार बायकांची मजुरी १४००, पोचवणारा मुलगा ४००, भाडं ५००. उरले ८५०. गल्ला दीड हजाराने कमी आणि हातात जवळपास तिप्पट, हे बघून एका मुलीने आकडेमोड तीनदा केली.

पहिल्या महिन्यात ६० घरं जोडली गेली. मी ताईंना एकच गोष्ट लिहून ठेवायला सांगितली होती, प्रत्येक घराला विचारायचं की आधी कुठून घ्यायचात. ४२ घरांनी सांगितलं, कुठूनच नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो, कारण सगळी घरं शेजारच्या केंद्रांची तुटून आली असती तर आम्ही फक्त जुनीच लढाई नव्या नावाने लढत होतो.

सगळ्यांनी असंच करावं असं मी मुलांना सांगत नाही. समोरचं एक केंद्र रोज शेकडो थाळ्या काढतं, मोठी खरेदी असल्याने त्यांची थाळी खरोखरच स्वस्तात पडते, त्यांनी भावावर लढणं बरोबर आहे. ताईंकडे ती ताकद नव्हती.

तीन महिन्यांनी शेजारच्याने "गरम पोळी मिळेल" अशी पाटी लावलीच. मी मुलांना घेऊन आठ वाजता त्याच्या दारात उभी राहिले. त्याच्या तीन शेगड्यांपैकी दोनवर भाज्या गरम होत होत्या, थाळीच्या ऑर्डरी येत होत्या, एकच तवा, आणि पोळीवाली माणसं वीस मिनिटं ताटकळत होती. भाजी सोडायची त्याची हिंमत होईपर्यंत तरी ताईंना वेळ आहे, पण कायमचा नाही. परत आलो तर ताई कणकेचे उंडे करत होत्या, मान न उचलता म्हणाल्या, "मॅडम, तिसरी सोसायटी मागतेय. तिसरी जोडी मिळाली तर हो म्हणते, नाहीतर आठच्या पोळ्या साडेसहाला करून ठेवाव्या लागतील."