बाकी कुठे गेली? सोलोंचा तक्ता पुन्हा मांडताना

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मॅडमनी एक काम दिलं. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली १९०९ ते १९४९ या काळातल्या अमेरिकेच्या बिगरशेती खाजगी क्षेत्राच्या उत्पादनवाढीचा हिशेब मांडला होता, तो स्प्रेडशीटमध्ये पुन्हा करून दाखवायचा. मला वाटलं, आकडे चढवायचे, सूत्र खाली ओढायचं, दुपारपर्यंत मोकळे. तीन आठवडे गेले.

सूत्र खरंच एका ओळीचं आहे:

```
ΔA/A = Δq/q − w·(Δk/k)
```

`q` म्हणजे एका श्रमतासामागचं उत्पादन, `k` म्हणजे एका श्रमतासामागचं भांडवल, `w` म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नात भांडवलाच्या मालकांना मिळणारा वाटा. `A` म्हणजे तंत्रज्ञानाची पातळी. उत्पादनाच्या वाढीतून भांडवलाच्या वाढीचा तेवढा भाग वजा केला की जे उरतं ते `A` ची वाढ. हीच ती बाकी.

पहिलाच प्रश्न पडला, यात श्रम कुठे आहे? वाढीची विभागणी श्रम, भांडवल आणि बाकी अशी तीन भागांत करायची म्हणून शिकवलं होतं, आणि इथे दोनच दिसत होते. मॅडम म्हणाल्या, "तासांनी भागलंस ना, मग श्रम छेदात जाऊन बसला." दोन्ही घटक दुप्पट केले तर उत्पादनही दुप्पट होतं असं धरलं, तर श्रमाचं वजन `1−w` होतं. एकूण उत्पादनासाठी तेच समीकरण असं उलगडतं: उत्पादनाची वाढ = बाकी + `w` × भांडवलाची वाढ + (`1−w`) × तासांची वाढ. हे एकदा कागदावर स्वतः उतरवलं तेव्हा डोक्यात बसलं. वजन म्हणून उत्पन्नातला वाटा का घ्यायचा, तर प्रत्येक घटकाला त्याच्या शेवटच्या नगाने घातलेल्या भरीइतकाच मोबदला मिळतो असं गृहीत धरलेलं असतं. मक्तेदारी असेल तर हे गृहीतक ढासळतं, आणि त्याची नोंद तक्त्यात कुठेही होत नाही.

पहिली ओळ छान जुळली. १९०९ मध्ये तासामागे उत्पादन ०.६२३ डॉलर, पुढच्या वर्षी ०.६१६. भांडवल २.०६ वरून २.१०. वाटा ०.३३५. माझी बाकी उणे १.८ टक्के आली, त्यांची उणे १.७. आकडे गोळा करतानाचा फरक म्हणून सोडून दिला.

मग मंदीची वर्षं आली आणि माझा आलेख पार कोसळला. तंत्रज्ञान एकाएकी मागे गेल्यासारखं दिसत होतं. कारण माझंच होतं: मी उभं असलेलं सगळं भांडवल धरलं होतं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता. तास घटले, पण कारखाने होते तिथेच होते. त्यामुळे दर तासामागचं भांडवल कागदावर फुगलं, त्याचं श्रेय वजा झालं आणि बाकी खड्ड्यात गेली. सोलोंनी यासाठी एक साधी युक्ती केली होती. जितके टक्के कामगार कामावर, तितकंच भांडवल वापरात, असं धरून त्यांनी साठ्याला गुणलं. युक्ती ढोबळ आहे, कारण बंद पडलेली यंत्रं आणि बेकार माणसं एकाच प्रमाणात असतील असं कोण सांगणार? तरी न करण्यापेक्षा बरी. स्तंभ बदलला आणि खड्डा बराचसा भरला.

खरी गंमत पुढे आहे. सोलोंचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. चाळीस वर्षांत तासामागचं उत्पादन ०.६२३ वरून १.२७५ डॉलर झालं आणि `A` १ वरून १.८०९ वर गेला. १.२७५ ला १.८०९ ने भागलं की ०.७०५, म्हणजे तंत्रज्ञान तसंच राहिलं असतं तर झालेलं उत्पादन. म्हणजे ६५ सेंटच्या वाढीतले सुमारे ८ सेंट भांडवलामुळे, उरलेले तांत्रिक बदलामुळे. आठातला एक भाग आणि आठातले सात भाग. माझा `A` मात्र १.८०९ वर यायला तयार नव्हता. थोडा वर जात होता. चार रात्री मी माझीच चूक शोधत होतो.

पाचव्या रात्री कंटाळून मधली चाळीस वर्षं बाजूला ठेवली आणि फक्त दोन टोकं घेतली. भांडवल २.०६ वरून २.७०, म्हणजे १.३१ पट. वाटा एक तृतीयांशाच्या आसपास, तर १.३१ चं घनमूळ काढायचं: १.०९४. नुसत्या भांडवलाने ०.६२३ चे ०.६८२ झाले असते. म्हणजे भांडवलाचे सहा सेंट. आठ नाहीत! ०.७०५ हवं असेल तर वाटा ०.४६ च्या घरात लागतो, आणि तक्त्यात तो कुठेही इतका नाही. सुरुवातीचा नि शेवटचा आकडा त्यांचाच, पद्धतही त्यांचीच, तरी बेरीज जुळत नव्हती.

ओळीओळीने पुन्हा मोजलं तेव्हा १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला माझी आणि छापील मालिका वेगळी होते असं दिसलं. तिथे सुमारे तीन टक्क्यांची तूट पडते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. सोलोंच्या आलेखात १९४३ ते १९४९ चे ठिपके बाकीच्यांपासून वेगळे, आपापला घोळका करून बसलेले आहेत. ते त्यांनाही दिसलं होतं आणि त्यावर त्यांनी लिहिलंही होतं. मॅडमना दाखवलं तर त्या हसल्या. १९५८ साली वॉरेन होगन यांनी ती साधी अंकगणिताची चूक दाखवून दिली होती, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं! "तुला आधी सांगितलं असतं तर तू टोकं तपासली असतीस का?" नसती तपासली, हे खरं. दुरुस्तीनंतर बाकीचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर जातो.

म्हणजे मूळ निष्कर्ष बदलत नाही, उलट पक्का होतो. पण मला चिंता वेगळीच लागली. बाकी ही थेट मोजलेली गोष्ट नाही, ती वजाबाकी आहे. भांडवल कमी मोजलं, ती वाढते. तासांत शिक्षणाचा फरक धरला नाही, तर जास्त शिकलेल्या कामगाराने केलेली भरही तिच्यातच जाते. आकडेमोड चुकली तरी तीच गिळते, आणि तक्ता मात्र नीटनेटका दिसतो. मोझेस अब्रामोविट्झ यांनी १९५६ मध्येच या उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. मला त्या अज्ञानात अंकगणिताची चूकही सापडली.

आता माझ्या प्रत्येक शीटच्या तळाशी एक जास्तीची ओळ असते. पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष, भांडवल जितक्या पट झालं त्या आकड्याचा सरासरी वाट्याएवढा घात आणि त्यावरून आलेला `A`. वरच्या साखळीशी तो एका टक्क्यात जुळला नाही तर खाना लाल होतो. वाटा काळात बराच बदलत असेल तर तो चूक नसतानाही लाल होतो, म्हणून तेव्हा दशकादशकाने वेगळं तपासावं लागतं. तासांना शिक्षणाप्रमाणे वजन देऊन बाकी किती आकसते हेही पाहायचं होतं, पण सोलोंच्या तक्त्यात सगळे तास एकाच मापाचे आहेत. ते काम दुसऱ्या आकड्यांवर करायचं म्हणून फाईल तशीच बंद केली.