तुम्ही विचारलंत म्हणून: कावळ्यांचा कालवा

"सर, एक कावळा मेला की शंभर गोळा होऊन कालवा करतात. रडतात का हो ते?"

शंभर नसतात, आधी हे. मी मोजले तेव्हा दहा-पंधरा भरले. उत्तर एका ओळीत देऊन मी कैक वर्षं फळ्याकडे वळत आलो: रडत नाहीत, धोका कुठून आला ते बघतात. सर कोरडे आहेत, असं गाव म्हणतं. म्हणून एकदाच सगळं सांगतो, पुन्हा पारावर गाठू नका.

2009 च्या वैशाखात आण्णा गेले. आमचं गाव गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठी, आणि घाट घरामागे दोनशे पावलांवर. सातव्या दिवशी सकाळी दारातल्या डीपीखाली कावळा मरून पडला होता. तारेला चिकटून मेला असावा. आईच्या नजरेला पडू नये म्हणून मी तो उघड्या हातानं उचलला आणि घाटाकडे निघालो. लिंबावरून एक ओरडला, मग दुसरा, आणि नदीपर्यंत सगळे माझ्या डोक्यावर घिरट्या घालत आले. दोघांनी तर झडप घातली. मी खड्डा खणून पुरला आणि हात धुतले. माझ्या लेखी विषय संपला होता.

दहाव्याला त्याच घाटावर पिंड ठेवला. भात, वर तीळ, शेजारी आण्णांची आवडती ज्वारीची भाकरी. कावळे चिंचेवर बसलेले, पण खाली एक उतरेना. अर्धा तास गेला, तास गेला. मी पुढे हात जोडून बसलो होतो, डोकं तुळतुळीत केलेलं, आणि मी मान वर केली की ते जास्तच ओरडायचे. मागून चुलते पुटपुटले, "आण्णाचा जीव अडकलाय कशात तरी." ते ऐकून मला आतून कापल्यासारखं झालं. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. कारण सांगत बसत नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा मला बघवेना आणि मी उठून देवळामागे गेलो. त्याच वेळी थोरला पिंडापुढे म्हणाला, "धाकटीचं लग्न मी करतो, आण्णा." आणि कावळा शिवला.

मी पुष्कळ वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. मग 2015 मध्ये सिएटलच्या दोघा संशोधकांचं काम छापून आलं, केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांचं. त्यांनी ठरलेल्या जागी कावळ्यांना रोज खाऊ घातलं. मग मुखवटा घातलेला माणूस मेलेला कावळा हातात धरून तिथे उभा केला. कावळे जमले, ओरडले. पुढचे काही दिवस ते त्या जागच्या खाण्याकडे यायला बिचकत होते, आणि तोच मुखवटा रिकाम्या हातानं आला तरी सहा आठवड्यांपर्यंत त्याच्यावर ओरडत राहिले. मेलेलं कबूतर धरलं तर एवढा गोंधळ होत नसे. म्हणजे त्या जमावात जागा आणि तोंड, दोन्हींची नोंद होते.

वाचताना मी हललो. मुखवटा म्हणजे मीच होतो! आण्णांचा जीव कशात अडकला नव्हता, कावळ्यांची भीती माझ्यात अडकली होती. महिनाभर मी हेच सांगत सुटलो.

मग माझ्यातल्याच मास्तरनं मला धरलं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी सातवीच्या पोरांना शिकवतो. घाटावर दोन बदलल्या: मी उठलो आणि थोरला बोलला. शिवाय वैशाख म्हणजे घरट्याचे दिवस, तेव्हा कावळे असेही चिडलेले असतात. आणि सिएटलचा कावळा आपला गावकावळा नव्हे, जात वेगळी. मी पुरावा शोधत होतो की सुटका?

रडण्याबद्दलही तेच. त्याच दोघांनी 2018 मध्ये दाखवलं, की साधारण चौथ्या हिश्शाच्या वेळी कावळे मेलेल्याला शिवतात, टोचतात, ओढतात, क्वचित त्याच्यावर चढतातही, आणि हे जास्त करून विणीच्या काळात. हे बघून कुणी 'शोक' म्हणायला धजणार नाही. पण मेलेला जोडीदार असला तर पोटात काय होतं, ते ओरडण्यावरून ओळखता येत नाही. धोका ओळखणाऱ्याला दुःख होत नाही, असं मी वर्गात सुचवत आलो. ते माझ्या पदरचं होतं.

थोरला आजही म्हणतो, "माझ्या बोलण्यानं शिवला." मी म्हणतो, "मी उठल्यानं." परवा धाकटी माहेरी आली होती. आमचं भांडण ऐकून म्हणाली, "दादा, कावळ्याचं जाऊ द्या. माझ्या लग्नाचं मला कुणी इचारलं व्हतं का?"