वहीच्या शेवटच्या पानावरचा प्रश्न

१९८६ साली मी नववीत होतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली आणि रक्ताचे दोन थेंब दोन काचपट्ट्यांवर घेतले. एकावर मिठाचं पाणी, दुसऱ्यावर साधं. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्यामुळे रांग लागली. माझी पाळी येईपर्यंत साध्या पाण्यातल्या पेशी फुगून फुटूनही गेल्या होत्या.

मी विचारलं, "बाई, पेशीचं आवरण मेदाचं म्हणता, मग पाणी इतक्या झपाट्यानं आत शिरतं कसं?" बाई म्हणाल्या, "थोडं झिरपतं, पण एवढं का, ते मलाही नीट सांगता येत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव."

पुढे एम.एस्सी.ला त्याच तांबड्या पेशी पुन्हा हाती आल्या. हिमोग्लोबिन धुऊन टाकलं की नुसती पांढुरकी पटलं उरतात. ती पीएच ११च्या क्षारीय द्रावणात ठेवली की स्पेक्ट्रिन सुटून येतं. पेशीला आकार देणारी ही जाळी पटलाला आतून नुसती बिलगलेली असते. असली प्रथिनं परिघीय. काही प्रथिनं मात्र हलत नाहीत. ती मेदाच्या दुहेरी थरातून आरपार ओवलेली असतात. डिटर्जंट घालून मेदच विरघळवला, तरच निघतात. ही अंतर्भूत.

पीटर अ‍ॅग्रे आर-एच रक्तगटाचं प्रथिन शोधत होते, तेव्हा त्यांना असंच एक अंतर्भूत प्रथिन सापडलं. नेहमीच्या रंगानं ते नीट रंगतच नसे, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. १९९२मध्ये त्यांच्या गटानं त्याचा आरएनए बेडकाच्या अंडपेशींत टोचला आणि त्या पातळ द्रावणात सोडल्या. काही मिनिटांत अंडपेशी फुगून फुटल्या. पाऱ्याचा क्षार घातला की फुगणं मंदावे. हेच अ‍ॅक्वापोरिन. त्यातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, एकामागे एक, कारण नळी जेमतेम एका रेणूएवढी रुंद असते. आतला धनप्रभार प्रोटॉनला मात्र मागे ढकलतो. तो शिरता तर पेशीची आम्लता सांभाळणं अवघड झालं असतं.

या नळीला दार नाही, ती सदा उघडी. चेतापेशीतल्या पोटॅशियमच्या वाहिनीला मात्र दार असतं, आणि पटलाचा विद्युतदाब बदलला की ते उघडतं. सोडियम आकारानं लहान, तरी त्याला तिथून सहसा जाता येत नाही! पोटॅशियमभोवतीचं पाणी सुटलं की वाहिनीतले ऑक्सिजन अणू त्याला चहूबाजूंनी नेमके धरतात. सोडियम त्या मापात सैल पडतो, म्हणून आपलं पाणी सोडणं त्याला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८मध्ये ही रचना दाखवली. २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

त्या दिवाळीत मी बाईंच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बेडकाची अंडी एरवी तळ्यात का फुटत नाहीत रे?"

"त्यांच्या पटलात हे प्रथिन जवळजवळ नसतंच, बाई. म्हणून तर प्रयोगाला तीच निवडली."

"हं," म्हणाल्या, "आता चहा घे."